माऊसचं चाक खाली फिरवलं तरी पान वर का उडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, मालवण, गुहागर, अलिबाग अशा किनाऱ्यालगतच्या गावांतून दुरुस्तीला येणाऱ्या माऊसमध्ये ही तक्रार फार दिसते. पान खाली नेताना मध्येच दोन ओळी वर जातात, परत खाली येतात, किंवा एकाच जागी थरथरत राहतात. माणूस माऊस टाकून नवा आणतो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याचंही तेच होतं. बहुतेक माऊस टाकण्याच्या लायकीचे नसतात. चाकाशेजारी बसवलेल्या एका छोट्या भागात, एन्कोडरमध्ये, मळ साचलेला असतो किंवा तो झिजलेला असतो. या दोन्हींतला फरक ओळखता आला की पुढचं काम सोपं होतं. म्हणून इथली उत्तरं याच फरकाभोवती आहेत.

## चाक एका दिशेने फिरत असताना पान उलट का जातं?

माऊसला चाक किती फिरलं हे थेट दिसत नाही. चाकाचा षटकोनी आस एन्कोडर नावाच्या चौकोनी डबीत अडकवलेला असतो. डबीत धातूची नक्षी असलेली एक चकती फिरते आणि तिच्यावर स्प्रिंगसारख्या बारीक पट्ट्या टेकलेल्या असतात. डबीतून तीन पिना बाहेर येतात. एक सामाईक असते, उरलेल्या दोन संकेतांच्या. त्यांना आपण अ आणि ब म्हणू.

चाक फिरताना अ आणि ब दोन्ही जोडले जातात आणि सुटतात, पण एकाच क्षणी नाही. दोघांत थोडं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. खाली फिरवलं तर अ आधी जोडला जातो आणि ब मागाहून. वर फिरवलं तर ब आधी. आधी कोण आला एवढ्यावरूनच माऊसमधली चिप दिशा ठरवते.

आता समजा ब ची पट्टी मळामुळे नक्षीला टेकतच नाही. चिपला फक्त अ दिसतो: जोडला, सुटला, जोडला, सुटला. अ जोडला गेला की चिपला वाटतं चाक एक पाऊल पुढे गेलं. मग ब न येताच अ सुटला, तर तिच्या हिशोबात याचा अर्थ एकच निघतो, की चाक आलं तसं मागे फिरलं. म्हणून पान पुढे-मागे उड्या मारतं. चिप बरोबर असते, तिला मिळणारी माहिती अर्धी असते. ड्रायव्हर पुन्हा टाकून किंवा विंडोज नव्याने भरून हा दोष जात नाही तो याचमुळे.

## किनाऱ्यावर हे जास्त का होतं?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणजे पट्ट्यांवर मिठाच्या पाण्याची एक अदृश्य ओल राहते. पट्ट्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांच्यावर काळपट थर चढतो, आणि तो थर वीज नीट वाहू देत नाही. त्यात जांभ्याची बारीक लाल धूळ आणि डबीतलं मूळचं ग्रीस मिसळलं की चिकट चिखल तयार होतो.

दुसरं कारण बंद घरं. मे संपला की मुंबईकर घराला कुलूप लावून जातात आणि गणपतीला परत येतात. तेवढे महिने माऊस दमट खोलीत नुसता पडून असतो. रोज फिरणाऱ्या चाकाच्या पट्ट्या घासल्या जाऊन आपोआप स्वच्छ होत राहतात. पडून राहिलेल्या चाकाला ती सोय नाही. नवाकोरा, जेमतेम वापरलेला माऊस गणपतीत अचानक उड्या मारू लागतो त्याचं उत्तर बहुधा हेच.

## दोष चाकाचाच आहे, हे खात्रीने कसं कळेल?

आधी तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथेही तसंच झालं तर दोष माऊसचा. वायरलेस असेल तर नवा सेल घाला आणि रिसीव्हर माऊसच्या जवळच्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. कमजोर सिग्नलमुळे चाक अडखळतं, पण त्यात बाणही सोबत अडखळतो. बाण सुरळीत चालतो आणि फक्त चाक भरकटतं, तर एन्कोडरकडे वळायला हरकत नाही.

मग ही छोटी चाचणी करा. नोटपॅडमध्ये खालचा मजकूर टाका, फाईल `wheel.html` नावाने साठवा आणि ब्राउझरमध्ये उघडा.

```html
<div id="p" style="word-break:break-all"></div>
<script>
addEventListener('wheel', e => {
  p.textContent = (e.deltaY > 0 ? 'v' : '^') + p.textContent;
});
</script>
```

चाक सावकाश, एकेक खाच करत, फक्त खाली फिरवा. प्रत्येक खाचेला `v` उमटायला हवा. सर्वात नवं चिन्ह सुरुवातीला येतं. मध्ये `^` घुसले तर दोष डोळ्यांसमोर आला. हेच वरच्या दिशेने करा, नंतर वेगाने करा. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, साफसफाईनंतर तुलनेला लागतो.

चाकाच्या रबरावर मार्करने एक ठिपका काढलात तर आणखी कळतं. ठिपका ठराविक जागी आला की दरवेळी `^` येत असेल, तर चकतीवरच्या त्याच एका जागी खोट आहे. `^` कुठेही, कसेही येत असतील, तर सगळीकडे पसरलेला मळ किंवा सैल झालेल्या पट्ट्या असा संशय घ्यावा.

एक गोष्ट मात्र दोष मानू नका. बोट उचलल्यावर चाक दोन खाचांच्या मधून मागच्या खाचेत घरंगळलं, तर एखादा `^` येतो. चाक खरंच मागे गेलेलं असतं.

## माऊस न उघडता काही करता येतं का?

येतं, आणि पडून राहिलेल्या माऊसला पहिला उपाय तोच. माऊस कॉम्प्युटरपासून सोडवा आणि चाक दोन्ही दिशांना एक-दोन मिनिटं जोरात फिरवा. पट्ट्या घासल्या जातात आणि वरचा पातळ थर निघतो. बंद घरातल्या माऊसला कित्येकदा एवढ्यानेच गुण येतो.

चाकाच्या फटीतून हवेचा झोत मारल्याने केस आणि धूळ निघते, पण एन्कोडरच्या आतला मळ निघत नाही. तोंडाने फुंकर घालू नका, त्यातून बाष्प आत जातं आणि आपल्याकडे ओल आधीच पुरेशी आहे. फटीतून आंधळेपणाने स्प्रे मारण्याच्याही मी विरोधात आहे. द्रव एन्कोडरपर्यंत पोचेलच असं नाही, आणि बाणाच्या सेन्सरवर मात्र तो हमखास सांडतो.

## माऊस उघडून एन्कोडर कसा साफ करायचा?

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, आधी तिचा फायदा घ्या. ती संपली असेल तर पुढे वाचा.

वायर किंवा सेल काढा. आत चार्ज होणारी बॅटरी असेल तर माऊस उघडल्यावर तिचा कनेक्टर सर्वात आधी सोडवा. स्क्रू बहुधा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली, स्टिकरखाली किंवा सेलच्या कप्प्यात लपलेले असतात. हेअर ड्रायरने पट्ट्या कोमट केल्या की न फाटता निघतात. त्या चिकट बाजू वर करून प्लास्टिकवर ठेवा, परत लावायच्या आहेत. बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. स्क्रू निघूनही झाकण हलत नसेल तर एखादा स्क्रू अजून लपलेला आहे असं समजा आणि जोर लावू नका. झाकण उचलताना वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी चपटी वायर असू शकते, म्हणून आधी थोडंसंच उघडून आत पाहा.

चाकाच्या एका बाजूला षटकोनी आस एन्कोडरमध्ये गेलेला दिसेल. दुसरी बाजू मधल्या क्लिकच्या बटणावर टेकलेली असते आणि तिथे कधी बारीक स्प्रिंग असते. फोटो काढा, मग चाक हळूच बाजूला सरकवून आस बाहेर काढा. आसाभोवती गुंडाळलेले केस आणि तंतू चिमट्याने काढा.

आता मुख्य काम. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इंजेक्शनच्या सिरिंजने एन्कोडरच्या षटकोनी भोकाच्या कडेने, जिथे फिरणारा भाग आणि डबी यांच्यामध्ये बारीक फट असते, तिथे एक-दोन थेंब सोडा. धातूचं झाकण आणि प्लास्टिक यांच्यामधल्या फटीतही एक थेंब. बोर्ड असा तिरका धरा की जादा द्रव सेन्सरकडे न जाता बाहेर ओघळेल. भोकात आस परत घालून चाक दोन्ही दिशांना भरपूर फिरवा. बाहेर काळपट पाणी आलं तर कापडाने टिपा आणि पुन्हा एकदा तेच करा.

तिसऱ्यांदा करण्याचा मोह टाळा. डबीत पट्ट्यांची झीज रोखणारा ग्रीसचा पातळ थर असतो आणि अल्कोहोल मळाबरोबर तोही धुऊन नेतं. डबी चिंब भिजवणारे लोक दोष घालवतात आणि झीज विकत घेतात.

पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या, भर पावसाळ्यात दुप्पट वेळ. मग जोडून तीच चाचणी पुन्हा करा. अल्कोहोल पटकन पेट घेतं, तेव्हा हे काम देवघरातल्या समईजवळ किंवा चुलीच्या खोलीत नको. खिडकी उघडी ठेवा.

## अल्कोहोलऐवजी घरातलं दुसरं काही चालेल का?

हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश काढायचं द्रव किंवा थिनर प्लास्टिक विरघळवतो. खोबरेल आणि शिलाई मशीनचं तेल यांनी खाच मऊ लागते, पण धूळ चिकटून नवा चिखल होतो. डब्ल्यूडी-40 चा साधा निळा-पिवळा डबाही याच रांगेत येतो. तो मारल्यावर चाक काही काळ छान चालतं म्हणून लोकांचा विश्वास बसतो, पण मागे तेलाचा थर राहतो. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा असतो, तो चालतो. कुठलाही कॉन्टॅक्ट क्लीनर घेताना डब्यावर प्लास्टिकला सुरक्षित असल्याचं लिहिलेलं आहे ना, ते पाहा.

## साफ केल्यावर थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा सुरू झालं. असं का?

हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण मळ आणि झीज यांतला फरक इथेच कळतो. नुसता मळ असेल तर एक नीट साफसफाई निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकायला हवी. दोष आठवड्या-दोन आठवड्यांत परत आला तर धातू झिजला आहे किंवा पट्ट्यांचा ताण गेला आहे. अल्कोहोल मळ काढतं, घासून गेलेला धातू परत आणत नाही.

देवगडच्या एका आंबा बागायतदार काकांचा माऊस याचं चांगलं उदाहरण आहे. त्यांच्या पॅकिंग शेडच्या टोकाला टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि हंगामात पेट्यांच्या ऑर्डरची लांबच लांब यादी. एका बाजूला पेट्यांत पेंढा भरणं चालू, दुसऱ्या बाजूला काका दिवसभर यादी वरखाली करत बसलेले. तक्रार अशी की गिऱ्हाइकाच्या नावावर थांबावं तर पान दोन ओळी वर जातं आणि भलत्याच माणसाच्या पेट्या वाचल्या जातात.

चाचणीत सावकाश फिरवताना `v` च्या रांगेत इथेतिथे `^` होते, वेगाने फिरवताना ते आणखी वाढत. ठिपक्याशी त्यांचा काही संबंध दिसला नाही. उघडल्यावर आसाभोवती पेंढ्याचे तंतू आणि लाल धूळ, आणि एन्कोडरच्या धातूच्या झाकणावर पांढुरके डाग. वर सांगितल्याप्रमाणे सफाई केली, काळं पाणी निघालं, आणि चाचणीत एकही `^` उरला नाही. काका खूश होऊन गेले.

पंधरवड्याच्या आत माऊस परत आला, तेच लक्षण घेऊन. या वेळी डबी उघडून पाहिली. चकतीवर पट्ट्या जिथून फिरतात तिथे खोल रेघा पडल्या होत्या. ज्या जागी नुसतं प्लास्टिक असायला हवं, तिथेही धातूची बारीक पूड पसरली होती. म्हणजे पट्टी टेकायला हवी तिथे नीट टेकत नव्हती, आणि टेकायला नको तिथे पूड संपर्क जोडत होती. पहिल्या सफाईत ही पूड वाहून गेली म्हणून बरं वाटलं. पट्ट्या फिरत राहिल्या, पूड नव्याने तयार झाली. असा एन्कोडर बदलायचाच असतो. बदलला आणि आंब्याचा हंगाम बिनतक्रार गेला.

गुहागरच्या एका बंद घरातल्या माऊसचं मात्र उलट झालं. लक्षण हुबेहूब तेच, पण चकती कोरी, रेघ नाही. दोन थेंब अल्कोहोल पुरलं.

## पट्ट्यांचा ताण गेला असेल तर तो परत आणता येतो का?

थोडाफार. एन्कोडरचं धातूचं झाकण बाजूच्या वाकवलेल्या कानांनी प्लास्टिकला धरून ठेवतं. वापराने ते किंचित सैल होतं आणि पट्ट्या चकतीपासून दूर राहतात. बारीक पक्कडीने कान हलक्या हाताने आवळले की झाकण पुन्हा घट्ट बसतं. बोर्डावरून एन्कोडर न काढता होणारं हे काम आहे, म्हणून बदलण्याआधी एकदा करून पाहावं.

कान उलगडून डबी पूर्ण उघडण्यात धोका आहे. दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाकवल्यावर ते तुटतात, आणि खाचेची बारीक स्प्रिंग उडून हरवते. उघडलीच तर पसरट ताटात उघडा. पट्ट्या इअरबडने अल्कोहोल लावून पुसा, टोकं केसभर वर उचला, आणि विजेच्या संपर्कांसाठीचं ग्रीस अगदी पुसट लावा. गाडीचं ग्रीस लावू नका.

## एन्कोडर बदलायचा तर कोणता घ्यायचा?

उंची जुळणं सर्वात महत्त्वाचं. बाजारात 7 मिलिमीटरपासून 13-14 मिलिमीटरपर्यंतच्या उंचीचे एन्कोडर मिळतात, आणि दिसायला सगळे सारखेच. बोर्डाच्या पृष्ठभागापासून डबीच्या माथ्यापर्यंत व्हर्नियर कॅलिपरने मोजा. दोन मिलिमीटर चुकले तर चाक तिरकं बसतं, झाकणाला घासतं, किंवा मधला क्लिक सतत दाबलेला राहतो. त्यानंतर एका फेरीत किती खाचा लागतात ते मोजा, 24 पुष्कळ माऊसमध्ये असतात. खाचांचा आकडा वेगळा निघाला तर चाक चालतं, पण एका फेरीत पान कमी-जास्त सरकतं. टीटीसी, काइल, आल्प्स ही या भागातली माहितीतली नावं. मुंबईला कुणी येत-जात असेल तर लॅमिंग्टन रोडवर जुना एन्कोडर दाखवून नवा आणायला सांगा, नुसतं माऊसचं नाव सांगून भागत नाही.

काढताना तिन्ही पिनांना ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावा, मग सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने ते ओढून घ्या. डबीचे कानही बोर्डाला सोल्डर केलेले असतील तर तेही मोकळे करा. पिन सुटलेली नसताना ओढलं तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते आणि मग काम खरंच अवघड होतं. सोल्डरिंगचा सराव नसेल तर टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणाऱ्या गावातल्या कारागिराकडे सुटा एन्कोडर घेऊन जा. त्याच्या हाताला हे काम नेहमीचं असतं.

## माझ्या माऊसमध्ये अशी डबीच नाही. मग?

तुमचा एन्कोडर बहुधा प्रकाशावर चालणारा आहे. चाकाला आऱ्यांसारख्या फटी असतात, एका बाजूला न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो टिपणारा घटक. इथे घासणारा धातू नाही, म्हणून अशी झीजही नाही. उड्या पडल्या तर फटीत अडकलेला केस किंवा दिव्यावर बसलेली धूळ शोधा. कोरडा मऊ ब्रश आणि अल्कोहोलने ओला केलेला इअरबड एवढं पुरतं.

## सॉफ्टवेअरने उलट उड्या रोखता येतात का?

झाकता येतात. क्षणभरात आलेला उलट संकेत गाळून टाकणारी छोटी साधनं मिळतात. नवा भाग येईपर्यंत काम अडू नये म्हणून ती वापरायला हरकत नाही. पण चाक पटकन उलट दिशेने फिरवलं तर तुमचा खरा संकेतही गाळला जातो, आणि झीज आत चालूच राहते.

## पुढच्या पावसाळ्यात पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

कॉम्प्युटर समुद्राकडच्या खिडकीला लागून असेल तर टेबल आत घ्या. घर महिनोन्‌महिने बंद ठेवणार असाल तर माऊस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि सेल काढून ठेवा. सेल गळला तर एन्कोडरची चिंता करायची वेळच येत नाही. कोरड्या दिवशी डबा बंद करा. पावसात बंद केलात तर ओलही आतच कोंडली जाते. परत आल्यावर माऊस जोडण्याआधी चाक मिनिटभर दोन्हीकडे फिरवून घ्या.